पाळीचा माणूस

बुसैतीनच्या आमच्या घरी नवीन पाहुणा आला की पहिल्या दहा मिनिटांत विमानाच्या आवाजाने दचकतोच. मुहर्रकचा विमानतळ इतका जवळ, की बोलणं अर्ध्यावर थांबवून विमान जाऊ द्यायचं, ही आमच्या घरची रीतच झाली आहे. पण गेल्या हिवाळ्यात एका गुरुवारी रात्री आलेले दोन पाहुणे अजिबात दचकले नाहीत. दोघेही ॲल्युमिनियमच्या एक्स्ट्रूजन कारखान्यातले. तिथल्या प्रेसच्या आवाजापुढे विमान म्हणजे भुंगा.

एक होते प्रॉडक्शन मॅनेजर, आमच्या सांगलीकडचे. दुसरे तात्या. तात्यांनी या बेटावर सव्वीस वर्षं शिफ्ट सुपरवायझरी केली, त्यातली निम्मी रात्रपाळीत, आणि आता जूनमध्ये ते कायमचे गावी निघणार होते. मॅनेजरसाहेबांनी चहाच्या आधीच फाईल काढली. "तुम्ही जन्मभर एच.आर. केलंत, आता एकदा फुकट करा. तात्यांच्या जागेचं जॉब डिस्क्रिप्शन लिहून द्या. आणि माणसाच्या अंगी काय काय हवं त्याची यादी."

फाईलमध्ये जुना कागद होता. दीड पान. उत्पादनावर देखरेख ठेवणे, शिस्त पाळून घेणे, रेकॉर्ड ठेवणे, सुरक्षिततेचे नियम पाळणे आणि शेवटी आपलं ते नेहमीचं, वरिष्ठ सांगतील ती इतर कामे करणे. पात्रता: मेकॅनिकलची पदवी, उत्तम इंग्रजी, नेतृत्वगुण, सकारात्मक दृष्टिकोन. आम्ही विचारलं, हा कागद बिस्किटांच्या कारखान्याला चालेल का? चालेल, म्हणाले. इस्पितळाच्या धोबीखान्याला? तोही चालेल. मग हा तात्यांच्या जागेचा कागद नव्हे, एवढं त्या रात्री ठरलं.

खरी गोष्ट मात्र जेवताना बाहेर आली. वर्षभरापूर्वी याच कारखान्याने दुसऱ्या पाळीसाठी सुपरवायझर नेमला होता. इचलकरंजीकडचा मुलगा, प्रेसवरचा सर्वांत चांगला ऑपरेटर, हाताला यश असलेला. चार महिन्यांत गडबड झाली आणि त्याला परत प्रेसवर बसवलं. तेव्हापासून तो मान खाली घालून काम करतो, कुणाशी बोलत नाही, आणि मुलीची दहावी झाली की परत जायचं म्हणतो. मॅनेजर म्हणाले, "चांगला ऑपरेटर गेला आणि वाईट सुपरवायझर मिळाला, असं झालं आमचं." तात्या ताटाकडे बघत म्हणाले, "वाईट नव्हता. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं की काम काय आहे."

ती गडबड आधी सांगतो, कारण पुढचं सगळं त्यातूनच निघालं. एक्स्ट्रूजनमध्ये तापवलेला ॲल्युमिनियमचा ठोकळा, म्हणजे बिलेट, साच्यातून दाबून खिडक्या-दारांच्या पट्ट्या काढतात. या पट्ट्या ताज्या असताना मऊ असतात. त्यांना कडकपणा येतो तो नंतर, एजिंग ओव्हनमध्ये. या कारखान्यात ओव्हनचं माप होतं १८० अंश आणि सहा तास. मुद्दा असा, की सहा तासांचं घड्याळ सुरू होतं ते धातू १८० अंशाला पोचल्यावर, ओव्हनचं दार लावल्यावर नव्हे. ओव्हनमधली हवा लवकर तापते, पण रॅकच्या मधोमध दाटीने ठेवलेल्या पट्ट्या फार उशिरा. त्यासाठी मालात खुपसलेली तापमापकाची तार वेगळी असते आणि हवेचा आकडा वेगळा.

आमचा इचलकरंजीकर तेव्हा बदली म्हणून रात्रपाळीत होता. त्याने पहाटे सव्वापाचला दोन नंबरचा ओव्हन भरला. रॅक जरा गच्च भरले गेले होते. साडेसहाला प्रेसमध्ये बिलेट अडकलं, म्हणून हा तिकडे धावला. हाताला यश ना, तर स्वतःच पाना घेऊन बसला. सातला पाळी बदलली. लॉगबुकात त्याने लिहिलं होतं: "ओव्हन २ चालू." सकाळच्या सुपरवायझरने ओव्हनच्या पाटीवरची भरल्याची वेळ बघितली, त्यात सहा तास मिळवले आणि सव्वाअकराला माल बाहेर काढला. धातू १८० ला पोचला होता सव्वासातला. म्हणजे सहाऐवजी चारच तास मिळाले. बाहेरच्या पट्ट्या ठीक होत्या, मधल्या मऊ. वेबस्टर नावाची चिमट्यासारखी एक हत्यारी असते, पट्टीवर दाबली की कडकपणाचा आकडा दाखवते. माल गाडीत चढवताना कुणीतरी सहज मधली एक पट्टी दाबून बघितली म्हणून सापडलं. अर्धवट भाजलेला असा माल पुन्हा ओव्हनमध्ये घालून वाचवता येतो, तसा तो वाचला. पण गिऱ्हाइकाची गाडी रिकामी परत गेली आणि बोल कुणाला लागला ते तुम्ही ओळखलंच असेल.

जुन्या कागदाप्रमाणे त्याने काय चुकवलं? काहीच नाही. रेकॉर्ड ठेवलं होतं, देखरेख केली होती. पाळी देताना काय सांगायचं, हे त्या दीड पानात कुठेच नव्हतं.

आता कागद करायचा कसा? टेबलाशी बसून तर नाहीच. आम्ही मॅनेजरांकडे दोन रात्री मागून घेतल्या. अकरा ते सात, तात्यांच्या मागे वही घेऊन. (आमच्या वयाला हे शोभत नाही, असं घरातून सांगण्यात आलं. ते खरंच होतं.) दर पंधरा मिनिटांनी तात्या त्या क्षणी काय करताहेत ते एका ओळीत लिहायचं. आठ तासांच्या बत्तीस नोंदी होतात. पहिल्या रात्री बत्तिसांपैकी प्रेसपाशी फक्त सहा होत्या. बाकीच्या साच्यांच्या ओव्हनपाशी, मेंटेनन्सवाल्याशी, फोनवर, पॅकिंगमध्ये, आणि दोन नोंदी एका नेपाळी पोराशेजारी, ज्याच्या घरून वाईट बातमी आली होती. ज्या जागेसाठी प्रेसवरचा उत्तम माणूस निवडला, त्या जागेचा पाचवा भागसुद्धा प्रेसवर जात नव्हता.

साच्यांच्या ओव्हनपाशी तात्या काय करतात, हे त्यांनी कधी कुणाला सांगितलं नव्हतं, कारण कुणी विचारलं नव्हतं. पोलादी साचा प्रेसमध्ये चढण्याआधी तापवावा लागतो. थंड चढवला तर माल अडकतो किंवा साचाच तडकतो. पण तापवत फार वेळ ठेवला तर त्याच्या कडक केलेल्या पृष्ठभागाची वाट लागते आणि पट्टीवर रेघा उमटायला लागतात. म्हणून तात्या प्रत्येक साच्याची आत ठेवल्याची वेळ खडूने लिहितात, आणि ऑर्डरींचा क्रम बदलला की आधी ओव्हनकडे जातात, मग प्रेसकडे. जुन्या कागदात याला "उत्पादनावर देखरेख" म्हटलं होतं. आम्ही लिहिलं: "ऑर्डरींचा क्रम बदलल्यास प्रेसला सांगण्यापूर्वी साच्यांच्या ओव्हनमधला क्रम बदलतो. ठरलेल्या वेळेपेक्षा जास्त राहिलेला साचा बाहेर काढून तशी नोंद करतो." वाक्याची ठेवण बघा. काय करतो, कशाचं करतो, आणि झालं की नाही हे दुसऱ्याला कसं कळणार. या तिन्हीपैकी एक जरी नसेल तर ती ओळ खोडायची. "देखरेख ठेवणे" या कसोटीत पहिल्याच फेरीत गळतं.

बघण्यातून रोजचं काम कळतं, पण अवघड वेळ कळत नाही. आम्ही बसलो त्या दोन्ही रात्री सुरळीत गेल्या, तात्यांना त्याचं वाईटही वाटलं. त्यासाठी जुनी युक्ती आहे. जॉन फ्लॅनगन नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने दुसऱ्या महायुद्धात वैमानिकांवर काम करताना ती घडवली आणि १९५४ साली लिहून काढली. माणसाला "चांगला सुपरवायझर कसा असावा" हे विचारायचं नाही, कारण त्यावर सगळे भाषण देतात. विचारायचं: गेल्या सहा महिन्यांतला एक प्रसंग सांगा, जिथे सुपरवायझरच्या एखाद्या कृतीने पाळी वाचली किंवा बुडाली. आधी काय झालं होतं, त्याने नेमकं काय केलं, मग काय झालं. आम्ही हे तात्यांना विचारलं, मॅनेजरांना विचारलं आणि खालच्या चौघांना वेगवेगळं बसवून विचारलं. त्यात एक मलबारी आणि एक बहरिनी होता. इचलकरंजीकरालाही विचारलं. तो पहिल्या दिवशी काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी आपणहून आला आणि ओव्हनची गोष्ट त्यानेच आम्हाला मिनिटागणिक सांगितली. वर दिलेल्या वेळा त्याच्या आहेत.

एकूण एकोणीस प्रसंग जमले. ते चिठ्ठ्यांवर लिहून आमच्या जेवणाच्या टेबलावर मांडले, सारखे वाटले ते एकत्र केले. सर्वांत मोठा ढीग झाला पाळी देण्या-घेण्याचा. दुसरा, "थांबवायचं की चालू द्यायचं" याचा. आणि या दुसऱ्या ढिगाशी आम्ही तिघे जवळजवळ भांडलो.

आम्ही विचारलं, प्रेस थांबवायचा अधिकार कुणाचा? तात्या म्हणाले, "माझा. मी थांबवतोच." मॅनेजर म्हणाले, "मला विचारून." एक विमान गेलं तेवढा वेळ कुणी बोललं नाही. सव्वीस वर्षांत हा प्रश्न निघाला नव्हता, कारण तात्या थांबवायचे आणि साहेब सकाळी मान डोलवायचे. नवीन माणूस मात्र फोन करत बसेल, किंवा फोन करायला घाबरून प्रेस चालू ठेवेल. जबाबदारी लिहिली आणि अधिकार लिहिला नाही, तर तो कागद म्हणजे नुसता आरोपपत्राचा मसुदा असतो.

मग वहीचं एक पान आडवं धरून तीन रकाने आखले: स्वतःच्या अखत्यारीत, फोन करून, आणि कुणीही नाही. माणसाच्या जिवाला धोका दिसला तर प्रेस थांबवणं पहिल्या रकान्यात, कळवणं नंतर. साचा बदलणं पहिल्यात. आजारी किंवा डोळ्यांवर झापड असलेल्या माणसाला यंत्रावरून उठवणं पहिल्यात. ऑर्डरींचा क्रम बदलणं दुसऱ्यात. जादा तासांवर बराच खल झाला. इथल्या २०१२ च्या कामगार कायद्याप्रमाणे दिवसाला आठ तास, जादा कामाला दिवसा निदान पंचवीस टक्के आणि रात्री पन्नास टक्के वाढ, आणि रमझानमध्ये मुसलमान कामगाराला दिवसाला सहाच तास. सुपरवायझर पाळीचा तक्ता लावतो, तेव्हा हे त्याला माहीत हवंच, पण पैशाचा निर्णय एका मर्यादेपुढे त्याचा नाही. म्हणून दोन तासांपर्यंत पहिल्यात, पुढे दुसऱ्यात. तिसऱ्या रकान्यात एकच गोष्ट गेली: यंत्रावरचं संरक्षक कडं किंवा आपोआप बंद पडण्याची सोय काढून काम चालवणं. पाळीत कुणीही नाही, आणि फोनवरून मॅनेजरही नाही. मॅनेजरांनी ती ओळ दोनदा वाचली आणि सही केली. आम्हाला ते आवडलं.

एक कलम तात्यांना फाजील वाटलं, आम्ही हट्टाने घातलं: सुपरवायझर जागेवर नसेल तर पाळी कुणाच्या हातात? आमचा हट्ट कशामुळे, ते सांगतो. टेक्सास सिटी इथे बी.पी. कंपनीच्या तेलशुद्धीकरण कारखान्यात २३ मार्च २००५ रोजी स्फोट होऊन पंधरा माणसं गेली. चौकशीत कारणं पुष्कळ निघाली. बिघडलेली मापं, जुना मनोरा, माणसांची कमतरता आणि थकवा. पण त्यात हेही होतं, की दिवसपाळीचा सुपरवायझर त्या सकाळी तासाभराहून अधिक उशिरा आला, त्यामुळे रात्रपाळीशी त्याचं बोलणं झालं नाही. रात्रीच्या लॉगबुकातली नोंद एका ओळीची होती. मग अकराच्या सुमारास घरच्या आजारपणाच्या निरोपावरून तो निघून गेला, आणि यंत्र सुरू करण्यासारख्या नाजूक वेळी त्याच्या जागी जाणता माणूस उभा राहिला नाही. स्फोट झाला दुपारी सव्वा वाजल्यानंतर. घरचा निरोप आल्यावर माणूस जाणारच, आपणही जाऊ. कागदात असायला हवं ते एवढंच, की जाण्याआधी तो कुणाच्या हाती पाळी देतो, आणि त्या माणसाला ते आधीपासून माहीत असतं. हे ऐकल्यावर तात्या म्हणाले, "लिहा."

आता अंगच्या गुणांची यादी. इथे सगळे घसरतात. कामं लिहिताना हात आखडता असतो आणि गुण लिहिताना सुटतो. वीस-पंचवीस गुण सहज होतात, लग्नाच्या स्थळाची अपेक्षा लिहावी तसे. "सकारात्मक दृष्टिकोन" डोळ्यांना दिसत नाही, म्हणून मोजता येत नाही, म्हणून मुलाखतीत जो आपल्यासारखा बोलतो त्याच्यात तो आहे असं वाटतं. अमेरिकेत १९४० ते १९४५ दरम्यान युद्धसामग्रीच्या कारखान्यांसाठी फोरमन तयार करण्याची मोठी योजना चालली होती. त्यांनी सुपरवायझरच्या गरजा पाचच मानल्या: कामाची माहिती, जबाबदाऱ्यांची माहिती, शिकवण्याचं कसब, पद्धत सुधारण्याचं कसब आणि माणसं सांभाळण्याचं कसब. आम्ही आमच्या चिठ्ठ्यांचे ढीग त्यांच्याशी ताडून पाहिले आणि चारच ठेवले: पाळी देणं-घेणं, बिघाड ओळखून निर्णय घेणं, शिकवणं, आणि माणसांना धरून ठेवणं. प्रेसची तांत्रिक माहिती वेगळी लिहिली, कारण ती शिकवता येते आणि तिची परीक्षाही सरळ असते.

चारांतलं पहिलंच नमुन्यादाखल देतो. नुसतं नाव लिहून भागत नाही, पायऱ्या लिहाव्या लागतात. कच्चा माणूस लिहितो, "ओव्हन २ चालू." बरा माणूस लिहितो, "ओव्हन २ सव्वापाचला भरला, सातला माल १७२ अंश." पक्का माणूस पुढे लिहितो, "सहा तासांचं घड्याळ अजून सुरू नाही, रॅक गच्च आहेत, मधली पट्टी वेबस्टरने बघणे," आणि पाळी घेणाऱ्याला ओव्हनपाशी नेऊन दाखवतो. जागेवर घेताना बरा चालेल, सहा महिन्यांत पक्का व्हायला हवा, असं कागदात लिहिलं. परीक्षाही तीच. एका रात्रीच्या खऱ्या घडामोडी विस्कळीत सांगायच्या, पंधरा मिनिटांत नोंद लिहायला लावायची, आणि ती सकाळच्या सुपरवायझरला वाचायला द्यायची. त्याला जितके प्रश्न विचारावे लागतील तितकी नोंद अपुरी. शिकवण्याची परीक्षा अशीच: नव्या हेल्परला रॅकमध्ये पट्ट्यांमधले अडसर लावायला शिकव, आणि मग त्याला एकट्याला लावू दे. आपण बघायचं ते हेल्परचे हात, उमेदवाराचं बोलणं नाही.

पदवीची अट काढली. एकोणीस प्रसंगांपैकी एकातही पाळी पदवीने वाचलेली नव्हती, आणि तात्या स्वतः आय.टी.आय. आहेत. आपल्याच जागेला ते अपात्र आहेत, हे त्यांना त्या रात्री कळलं. "उत्तम इंग्रजी" खोडून आम्ही लिहिलं: परवाना आणि लॉगबुक वाचता येणं, नोंद इंग्रजीत लिहिता येणं, आणि पाळीतल्या माणसांशी हिंदीत बोलता येणं. अरबी येत असेल तर उत्तम. मॅनेजर कुरकुरले, पदवी काढली तर अर्जांचा पाऊस पडेल म्हणाले. पडेल. चाळणीचं काम परीक्षा करेल.

या कागदाच्या मर्यादाही सांगायला हव्यात. ओव्हन नवीन आला की निम्म्या ओळी बदलतील, म्हणून वर तारीख घालून दरवर्षी एकदा वाचायचा असं ठरलं. आणि त्या नेपाळी पोराशेजारी तात्या अर्धा तास का बसले, हे आम्हाला कोणत्याच रकान्यात नीट बसवता आलं नाही. "माणसांना धरून ठेवणं" खाली एक ओळ लिहिली आहे, ती आम्हाला अजून आवडत नाही.

परीक्षेला पाच जण बसले, इचलकरंजीकर धरून. तो आधी नाही म्हणत होता. बिघाड ओळखण्यात तो सर्वांत पुढे निघाला, शिकवण्यातही बरा. माणसांच्या बाबतीत एक अडचण दिसली: काही अडलं की दुसऱ्याला सांगण्याऐवजी स्वतःच पाना उचलतो. नोंद लिहिण्यात तो पाचांत दुसरा आला. ओव्हनविषयीची त्याची ओळ सर्वांत लांब होती. मार्चपासून तीन महिने तो तात्यांच्या मागे फिरला, आणि तात्यांनी त्याला एकच अट घातली होती, की पाळीत पान्याला हात लावायचा नाही. पहिले पंधरा दिवस हात खिशात घालून उभा असायचा, असं तात्या सांगतात.

जूनमध्ये तात्यांना पोचवायला आम्ही विमानतळावर गेलो, घरापासून पाच मिनिटं. रात्रीचं विमान होतं. तो आला नव्हता. त्याची रात्रपाळी होती.